गेटवरून परत गेलेला ट्रक

एका गोदामात माल उतरवायला एकच धक्का आहे. तासाला सरासरी ४ ट्रक येतात. एक ट्रक रिकामा व्हायला सरासरी १० मिनिटं लागतात, म्हणजे धक्का सलग चालला तर तासाला ६ ट्रक हातावेगळे करू शकतो. आवारात जागा मोजकीच: धक्क्याला लागलेला धरून ४ ट्रक. पाचवा आला की गेटवरूनच परत.

ताकद ६ ची आणि काम ४ चं, मग ट्रक परत जायचं कारणच काय? तरी ते जातात, आणि गंमत अशी की त्याच दिवशी धक्का कित्येक तास मोकळाही पडून असतो. मॅनेजर म्हणतो, 'माणसं बसून असतात', आणि ट्रकवाला म्हणतो, 'जागा नाही म्हणून हाकललं'. दोघंही खरं बोलत असतात.

हिशोबासाठी दोन गोष्टी गृहीत धरू. ट्रक एकमेकांना न विचारता, कधीही येतात. आणि माल उतरवायला लागणारा वेळही असाच बेभरवशाचा आहे: एखादा ट्रक २० मिनिटं उभा आहे म्हणून तो आता लवकर सुटेल असं सांगता येत नाही. आवारात या क्षणी ०, १, २, ३ किंवा ४ ट्रक असतील. यातल्या प्रत्येक स्थितीत दिवसाचा किती भाग जातो, एवढंच काढायचं आहे.

किल्ली एका साध्या निरीक्षणात आहे. आवारातली संख्या २ वरून ३ वर जितक्या वेळा चढते, तितक्याच वेळा ती ३ वरून २ वर उतरते. फार तर एकाचा फरक, कारण उतरल्याशिवाय पुन्हा चढता येत नाही. चढण्याचा वेग तासाला ४, पण फक्त २ ट्रक असण्याच्या वेळात. उतरण्याचा वेग तासाला ६, पण फक्त ३ असण्याच्या वेळात. दोन्ही सारखे यायचे तर ३ ट्रक असण्याचा वेळ हा २ असण्याच्या वेळाच्या दोन-तृतीयांश असायला हवा. हेच प्रत्येक पायरीला लागू पडतं. म्हणून रिकाम्या आवाराला ८१ वाटे दिले, तर पुढे ५४, ३६, २४ आणि शेवटी १६ वाटे येतात. एकूण २११.

म्हणजे आवार पूर्ण भरलेलं असतं २११ पैकी १६ वाटे, सुमारे ७.६ टक्के वेळ. ट्रक स्वतंत्रपणे, कधीही येत असल्यामुळे येणाऱ्या ट्रकला आवार भरलेलं दिसण्याची शक्यताही तेवढीच. ही पायरी वाटते तितकी फुकट मिळत नाही. ट्रक ताफ्याने येत असतील, तर ताफ्यातला शेवटचा ट्रक आपल्याच सोबत्यांनी भरलेलं आवार बघतो, आणि परत जाणाऱ्यांचं प्रमाण आवार भरलेलं असण्याच्या वेळेपेक्षा जास्त निघतं.

आत खरोखर किती ट्रक येतात? ४ गुणिले १९५ भागिले २११, म्हणजे तासाला सुमारे ३.७. हा झाला प्रभावी आगमन दर. पडताळा दुसऱ्या टोकाकडून घेता येतो. धक्का २११ पैकी ८१ वाटे वेळ मोकळा असतो, म्हणून चालू असतो १३० वाटे. ६ गुणिले १३० भागिले २११ केलं की तेच ३.७ येतं. जितके आत आले तितकेच रिकामे होऊन बाहेर पडले. हे दोन आकडे जुळले नाहीत तर हिशोबात कुठेतरी पाणी मुरतंय, आणि बहुतेक वेळा ते जागा मोजण्यात मुरतं: ४ मध्ये धक्क्यावरचा ट्रक धरायचा की नाही, यात घोळ झालेला असतो.

मोकळा वेळ पुन्हा बघा: ८१ वाटे म्हणजे ३८ टक्के. १२ तासांच्या दिवसात धक्का साडेचार तासांहून जास्त वेळ नुसता उभा, आणि त्याच दिवशी आलेल्या ४८ पैकी साडेतीनच्या वर ट्रक परत गेलेले. मोकळा गेलेला वेळ साठवून गर्दीच्या वेळी वापरता येत नाही, एवढंच याचं कारण.

व्यवहारात सगळ्यात जास्त फसगत करते ती गेटवरची वही. तिच्यात आत आलेल्या ट्रकांचीच नोंद असते. परत गेलेल्याची वेळ, नंबर, काहीच उरत नाही. वहीवरून कुणी काढलं की 'आपल्याकडे तासाला ३.७ ट्रक येतात' आणि तोच आकडा वरच्या हिशोबात घातला, तर परत जाण्याची शक्यता ७.६ ऐवजी सुमारे ६.१ टक्के येते. नुकसान कमी दिसतं, कारण ज्यांचं नुकसान झालं ते आधीच मोजणीतून गळलेले आहेत. सुटका मात्र सोपी आहे. आवार किती टक्के वेळ भरलेलं होतं हे आतूनच बघता येतं. ३.७ ला ०.९२४ ने भागलं की मूळचे ४ हाती लागतात.

प्रभावी दराचा दुसरा उपयोग वेळ काढताना होतो. आवारात सरासरी १.२४ ट्रक असतात. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम सांगतो की आतली सरासरी संख्या भागिले आत येण्याचा दर म्हणजे एका ट्रकचा आत जाणारा सरासरी वेळ. इथे ३.७ ने भागायचं; उत्तर २० मिनिटं. ४ ने भागलं तर १८.६ मिनिटं येतात आणि कुणाला शंकाही येत नाही, इतकं ते उत्तर विश्वासार्ह दिसतं.

आता आणखी एका ट्रकची जागा केली तर? नकार ७.६ वरून ४.८ टक्क्यांवर येतो, आणखी एक केली तर ३.१ वर. पण पहिल्याच वाढीव जागेमुळे आत गेलेल्या ट्रकचा वेळ २० वरून २२ मिनिटांवर जातो. जागा हवी तितकी असेल तर नकार शून्य, आणि वेळ ३० मिनिटं. जागा वाढवून आपण नकाराची रांग करतो, हे ध्यानात ठेवूनच पैसे घालावेत.

तासाला ९ ट्रक येऊ लागले तर मात्र चित्र उलटतं, अगदी शब्दशः. वाटे येतात १६, २४, ३६, ५४, ८१: तेच आकडे, उलट्या क्रमाने. नकार ३८ टक्क्यांवर जातो. इथे आवार कितीही मोठं करा, एक-तृतीयांश ट्रक परत जाणारच, कारण ९ पैकी ६ पेक्षा जास्त रिकामे करण्याची धक्क्याची ताकदच नाही. असं असताना पार्किंगवर खर्च करणं हे दुखणं पायाला आणि मलम डोक्याला.

या साऱ्या हिशोबात परत गेलेला ट्रक कायमचा गेला असं धरलं आहे. प्रत्यक्षात चालक अर्ध्या तासाने चक्कर मारून पुन्हा येतो. मग गेटवर मोजलेल्या ४ मध्ये तोच ट्रक दोनदा धरला जातो आणि खरी मागणी ४ पेक्षा कमी असते. हे ओळखायला आठवडाभर परत पाठवलेल्या ट्रकांचे नंबरही टिपायला सांगावेत. तोच नंबर त्याच दिवशी पुन्हा दिसू लागला, तर ७.६ टक्के हा गमावलेल्या ट्रकांचा आकडा म्हणून वापरू नये.