पंचवीस टक्के कापले की पंचाहत्तर टक्के परत?

"रेल्वेचं तिकीट गाडी सुटायच्या 30 तास आधी रद्द केलं तर 25 टक्के कापतात, मग 75 टक्के का नाही आले?"

कारण 'किमान' हा शब्द सगळे विसरतात. रेल्वेच्या परतावा नियमांत गाडी सुटायच्या आधीच्या या टप्प्यात कन्फर्म तिकिटावर 25 टक्के कपात आहे, पण माणशी किमान शुल्कापेक्षा कमी नाही. स्लीपरला ते 120 रुपये.

समजा, स्लीपरची दोन तिकिटं, भाडं प्रत्येकी 300. गाडी सुटायला 30 तास असताना रद्द केली. 25 टक्के म्हणजे 75, पण कापले जातात 120. दोघांचे 240, परत 360. भाडं 480 च्या वर गेल्याशिवाय स्लीपरला टक्केवारी लागतच नाही!

यूपीआयने भरलेलं सुविधा शुल्क, 10 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 11.80, परत येत नाही. म्हणून हिशेब खात्यातून गेलेल्या 611.80 वर मांडू नका. तिकिटावरच्या भाड्याच्या ओळीपासून सुरुवात करा. एसीत कपातीवर जीएसटीही लागतो. काही नव्या गाड्यांचे टप्पे मात्र वेगळे आहेत.