व्यायामाने चष्मा सुटतो, ही समजूत आली कुठून?

तळव्यांनी डोळे झाकून बसावे, सकाळच्या कोवळ्या उन्हाकडे पाहावे, म्हणजे नंबर उतरतो, हा सल्ला मुंबईत शेजारपाजारी सहज मिळतो आणि तो आपल्याकडचा जुना घरगुती उपाय वाटतो. त्यात त्राटकासारख्या परंपरा मिसळल्या आहेत हे खरे. मात्र व्यायामाने चष्मा सुटतो हा दावा कारणमीमांसेसह मांडला तो न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य विल्यम बेट्स यांनी, १९२० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात.

बेट्स यांच्या मते जवळचे पाहताना बुबुळामागचे भिंग काहीच करत नाही. डोळा फिरवणारे बाहेरचे स्नायू नेत्रगोल आवळून त्याचा आकार बदलतात, आणि हे स्नायू ताणलेले राहिले की नंबर लागतो. म्हणून ताण सोडवा, चष्मा सुटेल. पटण्याजोगी मांडणी आहे, पण ती आली तेव्हाच चुकीची ठरलेली होती. हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ च्या सुमारास भिंगावरून परावर्तित होणाऱ्या प्रतिमा पाहून दाखवले होते की जवळ पाहताना भिंगच फुगते. भिंगाचा स्नायू सैल पाडणारे ॲट्रोपिनचे थेंब घातल्यावर बाहेरचे स्नायू नीट चालू असतात, डोळा सगळीकडे फिरतो, तरीही जवळचे अक्षर धूसर होते; बेट्स यांचे म्हणणे खरे असते तर तसे झाले नसते.

लालबागची नववीतली एक मुलगी घ्या. नंबर उणे तीन, म्हणजे तेहतीस सेंटीमीटरपलीकडचे सारे धूसर. तिचा नेत्रगोल नेहमीच्या सुमारे चोवीस मिलिमीटरपेक्षा साधारण एक मिलिमीटर लांब आहे, त्यामुळे प्रतिमा पडद्याच्या अलीकडे पडते. चष्मा बाजूला ठेवून सहा महिने व्यायाम केल्यावर तिला तक्त्यावरच्या आणखी दोन ओळी वाचता आल्या आणि आईला आनंद झाला. पण त्या ओळी तिला पाठ झाल्या होत्या, शिवाय ती डोळे बारीक करून पाहत होती. फट अरुंद झाली की धूसरपणा कमी होतो. तक्ता बदलला, डोळे उघडे ठेवायला सांगितले, थेंब घालून तपासले, तेव्हा नंबर उणे तीनच निघाला. लांबलेला गोल तळव्यांच्या उबेने आखूड होत नाही, आणि त्या सहा महिन्यांत तिला वर्गातला फळा वाचता आला नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. उन्हाकडे पाहणे तर पडद्याला कायमची इजा करू शकते.

व्यायाम सरसकट निरुपयोगी नाहीत. वाचताना दोन्ही डोळे नीट आत वळत नसतील, तर टोकदार पेन्सिल नाकाकडे आणत तिच्यावर नजर ठेवण्याचा सराव डॉक्टर स्वतःच सांगतात. क्वचित भिंगाचा स्नायू आखडल्याने मुलांना खोटा उणे नंबर दिसतो आणि थेंब घातल्यावर तो नाहीसा होतो. व्यायामाने ‘सुटलेल्या’ काही चष्म्यांमागे असे खोटे नंबर असणे शक्य आहे, म्हणून मुलांचा पहिला नंबर थेंब घालूनच काढावा.