उतारवयातलं लग्न आणि ‘आईच्या वाट्याचं काय?’

साठीतली विधवा आई पुन्हा लग्न करते म्हटल्यावर घरात पहिला शब्द निघतो तो ‘लोक काय म्हणतील’. फ्लॅटचा विषय मागाहून निघतो, पण बहुतेक वेळा खरी गाठ तिथेच असते आणि ती जुनी आहे.

१८५६च्या कायद्याने हिंदू विधवेचा पुनर्विवाह कायदेशीर ठरवला खरा, पण त्याच्याच दुसऱ्या कलमाने किंमतही ठरवली. तिने लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क, जणू ती त्या दिवशी वारली असं धरून, संपायचा. ब्राह्मणेतर अनेक जातींत पाट लावायची रीत आधीपासून होती. तिथेही मुंबई हायकोर्टाने हाच नियम लावला. बिजवराला असली अट कधीच नव्हती. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती रानडेही १८७३ मध्ये विधुर झाले, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. उलट धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं आणि मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं.

१९५६च्या हिंदू वारसा कायद्याने चित्र पालटलं. नवऱ्याकडून वारशाने आलेला वाटा बायकोच्या पूर्ण मालकीचा झाला. पुढे लग्न केलं म्हणून तो जात नाही. मुलांची धास्ती मात्र निव्वळ लोभातून येते असं नाही.

समजा, वडील मृत्युपत्र न करता गेले. ९० लाखांचा फ्लॅट एकट्या त्यांच्या नावावर, आजी हयात नाही, मागे आई आणि दोन मुलं. प्रत्येकाचे ३० लाख. आईने लग्न केलं आणि तीही मृत्युपत्राविना गेली, तर तिच्या ३० लाखांचे तीन भाग होतात: दोन मुलं आणि नवा नवरा, प्रत्येकी १० लाख. म्हणजे वडिलांच्या घराचा नववा हिस्सा त्या गृहस्थांकडे जातो.

यावर उपाय आईच्या हातात आहे. दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून ती आपला वाटा मुलांना देऊ शकते. नवरा तिच्यामागे त्याच घरात राहणार असेल, तर त्याला हयातीपुरता राहण्याचा हक्कही लिहून देता येतो. मात्र तो हक्क तिच्या वाट्यापुरताच, बाकीच्या दोन हिश्शांसाठी मुलांची संमती लागते. सोसायटीत मुलांचं नॉमिनेशन आहे म्हणून निर्धास्त राहणं ही नेहमीची चूक. नॉमिनी वारस ठरत नाही.

पेन्शनचं दुखणं याहून चिवट आहे. ईपीएफच्या योजनेतलं विधवा-पेन्शन लग्न होताच थांबतं. केंद्र सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनही बंद होतं. अपत्य नसलेल्या विधवेला तेवढी उत्पन्नाच्या अटीवर सवलत आहे. त्यामुळे काही जोडपी लग्न न करता एकत्र राहणं पसंत करतात. त्यात पेन्शन टिकतं आणि वारसाहक्काचा प्रश्नही येत नाही. पण जोडीदार गेल्यावर, हातात मृत्युपत्र नसेल, तर त्याची मुलं दुसऱ्या दिवशी घराची किल्ली मागू शकतात.