शॅडो वेळ खातं, टेक्श्चर जागा अडवतं

गेम खेळताना फ्रेम पडायला लागल्या की बहुतेक पोरं शॅडो आणि टेक्श्चर ही दोन्ही सेटिंग एका दमात लोवर टाकतात. कॉलेज रोडवरच्या गेमिंग कॅफेत कुणालाही विचारा, हाच सल्ला मिळेल. पण ही दोन्ही सेटिंग ग्राफिक्स कार्डाच्या दोन वेगळ्या गोष्टींवर भार टाकतात. एकाचा त्रास दुसऱ्याला कमी करून जात नाही.

आधी शॅडो. सावली काढायची तर गेमला तोच देखावा सूर्याच्या जागेवरून पुन्हा एकदा रेखाटावा लागतो, आणि प्रत्येक फ्रेममध्ये. त्यातून तयार होणाऱ्या सावलीच्या नकाशाची बाजू 1024 वरून 2048 पिक्सेल केली की भरायचे पिक्सेल चौपट होतात. कोणती वस्तू रेखाटायची हे प्रोसेसरच सांगत असल्याने थोडा भार त्याच्यावरही येतो. 144 हर्ट्झच्या मॉनिटरसाठी एका फ्रेमला साधारण 6.9 मिलिसेकंद मिळतात. शॅडोने त्यात एकच मिलिसेकंद वाढवला, तर 144 फ्रेमचे 126 होतात. ही घट सतत दिसते, कारण हे काम कधी थांबतच नाही.

टेक्श्चरचं, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांचं तसं नाही. भिंतीचं चित्र एकदा कार्डाच्या मेमरीत, म्हणजे व्हीरॅममध्ये येऊन बसलं की ते वाचायला फारसा वेळ लागत नाही. शिवाय लांबची भिंत रंगवताना कार्ड त्याच चित्राची लहान प्रत वापरतं, त्यामुळे लांबचा शत्रू टेक्श्चर हाय केल्याने उठून दिसत नाही. जागा उरलेली आहे तोवर टेक्श्चर जवळजवळ फुकट असतं. जागा संपली की मात्र चित्रं साध्या रॅममधून ओढून आणावी लागतात आणि गेम अडखळतो. सरासरी फ्रेम छान दिसतात, पण नव्या कोपऱ्यावर वळताना झटका बसतो.

माझा भाचा सिडकोत राहतो. त्याच्याकडे 4 जीबीचं जीटीएक्स 1650 आहे आणि तो काउंटर-स्ट्राइक 2 खेळतो. त्याचा फोन आला, "मामा, शॅडो लोवर टाकली, फ्रेम वाढल्या, पण राउंड सुरू झाला की झटके येतातच." फ्रेम वाढूनही झटके तसेच राहिले, म्हणजे अडचण जागेची असणार. टास्क मॅनेजरच्या `Performance` टॅबमध्ये त्याला `GPU` उघडायला लावलं. `Dedicated GPU memory` 4 जीबीच्या अगदी काठाला टेकली होती. मागे ब्राउझर उघडा होता, तोही त्याच मेमरीतला वाटा घेत होता. ब्राउझर बंद केला, `Model / Texture Detail` हायवरून मीडियमवर आणलं, गेम बंद करून पुन्हा सुरू केला. झटके गेले. सरासरी फ्रेम मात्र जवळपास होत्या तेवढ्याच राहिल्या, आणि तेच अपेक्षित होतं.

मग शॅडोचं काय करायचं? या गेममध्ये सावली ही माहिती असते. शत्रू कोपऱ्याआड उभा असला आणि ऊन त्याच्या पाठीमागून येत असेल, तर त्याच्या आधी त्याची सावली जमिनीवर दिसते. म्हणून `Global Shadow Quality` मीडियमवर चढवून त्याच मॅपवर, त्याच जागी उभं राहून फ्रेम बघायला सांगितलं. 144 च्या वर राहिल्या तर मीडियम ठेवावं, खाली आल्या तर लोवर परतावं. व्हॅलोरंटमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे शत्रूच्या सावल्या दिसत नाहीत, तेव्हा `Cast Shadows` खुशाल बंद ठेवा.

एक चाचणी आधी करून घ्या. रिझोल्यूशन बरंच खाली आणूनही फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडथळा प्रोसेसरचा आहे. अशा वेळी टेक्श्चर उतरवून काहीच हाती लागत नाही, शॅडो उतरवल्यास थोडंफार लागतं.

अँटी-अलायझिंग, म्हणजे वस्तूंच्या दातेरी कडा गुळगुळीत करणाऱ्या सेटिंगबद्दल थोडक्यात. एमएसएए वस्तूंच्या कडांवर जास्त नमुने घेतं, त्यामुळे लांबच्या डोक्याची कड हलताना लुकलुकत नाही आणि चित्र पुसटही होत नाही. पण ते वेळही घेतं आणि थोडी मेमरीही, म्हणून काठावरच्या 4 जीबी कार्डावर 8 पटीच्या नादी लागू नये. भाच्याला मी `2X MSAA` सांगितलं. त्यातही फ्रेम कमी पडल्या तर `CMAA2`. ते तयार चित्रातल्या कडा शोधून फक्त तेवढ्याच गुळगुळीत करतं, त्यामुळे स्वस्त पडतं. अगदी `None` केलं तर फ्रेम मिळतील, पण दूरच्या दारातून डोकावणारा शत्रू चार-पाच थरथरत्या पिक्सेलांचा होतो आणि त्यावर नेम धरणं जड जातं.