विंडोज ११: होम पुरेल की प्रो लागेल?

नवीन संगणकावर विंडोज ११ टाकताना होम घ्यावी की प्रो, या प्रश्नात आधी एक गैरसमज दूर करायला हवा. प्रो जास्त वेगवान नाही. दोन्हींचा गाभा एकच आहे, त्यामुळे टॅली, ऑफिस, गेम, प्रिंटर दोन्हींवर सारखेच चालतात. डिफेंडर आणि सुरक्षेचे अपडेटही सारखेच मिळतात. होम १२८ जीबीपर्यंत रॅम वापरते, प्रो २ टीबीपर्यंत. घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या संगणकाला पहिली मर्यादाही कधी आड येत नाही.

खरा फरक पडतो तो डिस्कच्या कुलपात. समजा, एक करसल्लागार अशिलांची पॅन कार्डे आणि बँक स्टेटमेंट लॅपटॉपवर ठेवतो. लॅपटॉप चोरीला गेला तर विंडोजचा पासवर्ड त्या फायली वाचवत नाही, कारण एसएसडी काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की त्या सरळ उघडतात. त्यावर उपाय म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणे, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशी करणे. प्रोमध्ये यासाठी पूर्ण बिटलॉकर मिळते. होममध्ये त्याचेच साधे रूप असते. ते `Settings > Privacy & security > Device encryption` इथे दिसते. हा पर्यायच दिसत नसेल, तर ते यंत्र त्यासाठी पात्र नाही.

होमवर नेमकी इथेच फसगत होते. डिव्हाइस एन्क्रिप्शन मायक्रोसॉफ्ट खात्याशी बांधलेले असते. लोकल खात्याने काम करणाऱ्याची डिस्क एन्क्रिप्ट झालेली असू शकते, पण तिची किल्ली त्याच डिस्कवर उघडी पडलेली असते. कुलूप लावून किल्ली दारातच ठेवावी, तसा हा प्रकार. हे तपासायला टर्मिनल अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि ही आज्ञा द्या:

```
manage-bde -status C:
```

`Percentage Encrypted: 100.0%` दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याखालची `Protection Status` ही ओळ पाहा. तिथे `Protection Off` असेल, तर चोराला काहीच अडसर नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते आणि मगच संरक्षण सुरू होते. प्रोमध्ये ही की कुठे ठेवायची ते तुम्ही ठरवता: पेन ड्राइव्हवर फाइल करून किंवा कागदावर छापून. शिवाय यंत्र सुरू होतानाच पिन मागण्याची सोय प्रोमध्ये करता येते. पेन ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क बिटलॉकरने एन्क्रिप्ट करण्याची सोयही प्रोमध्येच आहे; अशी डिस्क होमवर नुसती उघडता येते.

आवृत्ती कोणतीही असो, रिकव्हरी की आजच लिहून ठेवा. बायोस अपडेट झाले किंवा मदरबोर्ड बदलला, की निळ्या पडद्यावर तीच मागितली जाऊ शकते. ती नसेल तर डेटा परत मिळवून देणारा कोणी कारागीर नाही. होमवाल्यांना ती `aka.ms/myrecoverykey` वर खात्यात सापडते.

दुसरी कामाची गोष्ट रिमोट डेस्कटॉप. घरून ऑफिसचा संगणक चालवायचा असेल, तर ज्या यंत्रात शिरायचे आहे त्याच्यावर प्रो हवी; घरच्या यंत्रावर होम असली तरी चालते. म्हणजे सगळ्या संगणकांना प्रो घेण्याची गरज नाही. मात्र त्यासाठी राउटरवर ३३८९ हा पोर्ट थेट इंटरनेटला उघडू नका. तिथे पासवर्ड आजमावणारे प्रोग्राम सतत फिरत असतात. आधी व्हीपीएन जोडा, मगच रिमोट डेस्कटॉप.

संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणारी हायपर-व्ही आणि सँडबॉक्स ही साधनेही प्रोमध्येच आहेत. पण होमवर व्हर्च्युअलबॉक्स चालते, लिनक्ससाठी डब्ल्यूएसएलही चालते, त्यामुळे शिकणाऱ्याचे काम अडत नाही. सगळे संगणक एका जागेवरून सांभाळणारे कंपनीचे डोमेन असेल तर प्रश्नच नाही, प्रोच लागते.

यातले काही लागेल की नाही याची खात्री नसेल, तर होमच टाकावी. होमवरून प्रोवर जायला `Settings > System > Activation` मध्ये प्रोची प्रॉडक्ट की टाकली की पुरते. फायली आणि प्रोग्राम जागच्या जागी राहतात. प्रोवरून होमवर यायचे, तर मात्र विंडोज नव्याने टाकावी लागते. होमसह आलेल्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये होमची की असते. इन्स्टॉलर ती वाचून आवृत्ती न विचारताच होम टाकतो. तसे झाले तर पेन ड्राइव्ह पुन्हा पुन्हा बनवत बसू नका. इन्स्टॉल पुरे होऊ द्या आणि मग प्रोची की टाका.

प्रॉडक्ट की कवडीमोलात मिळाली असेल, तर `slmgr /dli` चालवून पाहा. उघडणाऱ्या चौकटीत `VOLUME` हा शब्द असेल, तर ती एखाद्या संस्थेच्या परवान्यातली आहे, तुमच्या नावावरची नाही. त्यातल्या `VOLUME_KMSCLIENT` प्रकाराचे अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवसांचेच असते. संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क होऊन ते नूतनीकृत झाले नाही, तर त्यानंतर विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागू लागते.