टेलिफोटो भिंग व कातरलेली चौकट (व्यक्तिचित्रणातील)

व्यक्तिचित्रासाठी लांब नाभीय अंतराचे भिंग वापरावे, की मुख्य कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्राचा मधला भाग कातरून (क्रॉप करून) घ्यावा, या निवडीविषयीची नोंद. पार्श्वभूमीची धूसरता आणि सेन्सरचा आकार यांचा संबंध याच निवडीतून स्पष्ट होतो.

‘टेलिफोटो’ ही संज्ञा आज सैल अर्थाने वापरली जाते. काटेकोर अर्थाने, पुढे अभिसारी आणि मागे अपसारी भिंगगट असल्यामुळे ज्या भिंगाची लांबी त्याच्या नाभीय अंतरापेक्षा कमी भरते, तेच टेलिफोटो. व्यक्तिचित्रांसाठी वापरली जाणारी ८५ मिमी.ची अनेक भिंगे या कसोटीला उतरत नाहीत; त्यांना लांब नाभीय अंतराची भिंगे म्हणणे अधिक योग्य. या रचनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. १८९१ च्या सुमारास लंडनमध्ये टॉमस डॅलमायर, बर्लिनमध्ये आडोल्फ मीटं आणि म्यूनिकमध्ये आडोल्फ श्टाइनहाइल यांनी जवळजवळ एकाच वेळी अशी भिंगे पुढे आणली. डॅलमायर यांनी १८९९ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिल्याने इंग्रजी लेखनात त्यांचे नाव पुढे राहिले. मात्र दुर्बिणीत अपसारी भिंगाने प्रतिमा मोठी करण्याची युक्ती पीटर बार्लो यांनी १८३० च्या दशकातच वापरली होती. त्यामुळे तिघेही आपापल्या वाटेने एकाच ठिकाणी पोहोचले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

लांब भिंगामुळे चेहरा ‘चपटा’ होतो, ही समजूत बरोबर नाही. यथार्थदर्शन केवळ अंतरावर ठरते. दोन मीटरवरून मुख्य कॅमेऱ्याने टिपून कातरलेल्या चेहऱ्यात आणि तिथूनच टेलिफोटोने घेतलेल्या चेहऱ्यात नाक व कान यांचे प्रमाण सारखेच येते. चौकट भरण्यासाठी मुख्य कॅमेरा घेऊन अर्ध्या मीटरवर गेले, की नाक फुगते.

धूसरतेचा हिशेब भिंगाच्या प्रवेशछिद्राच्या व्यासावर चालतो. नाभीय अंतराला एफ-अंकाने भागले की हा व्यास मिळतो. पार्श्वभूमी फार दूर असेल, तर तिच्यातील प्रत्येक प्रकाशबिंदू चित्रात एका वर्तुळाएवढा पसरतो आणि चेहऱ्याच्या मापाने त्या वर्तुळाचा व्यास जवळपास प्रवेशछिद्राएवढाच असतो.

नागपुरात फुटाळा तलावाच्या काठी संध्याकाळी कोणी उभे आहे, छायाचित्रकार दोन मीटरवर आहे आणि मागे पलीकडच्या काठावरचे दिवे आहेत, असे समजू. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे भिंग ६ मिमी., एफ/१.६ असेल, तर छिद्र सुमारे ३.७ मिमी. भरते. त्याच फोनचे ‘तिप्पट’ टेलिफोटो ९ मिमी., एफ/२.८ असेल, तर ३.२ मिमी. म्हणजे कातरलेल्या चित्रात दिवे टेलिफोटोपेक्षा किंचित जास्तच पसरतात. दोन्हीकडे दिव्याचे वर्तुळ चेहऱ्यावरच्या एखाद्या तिळाएवढे राहते. पूर्ण-चौकट (३६ × २४ मिमी.) कॅमेऱ्यावरचे ८५ मिमी., एफ/१.८ भिंग ४७ मिमी.चे छिद्र देते. तिथे तेच दिवे डोळ्यापेक्षा मोठे गोळे होतात.

‘सेन्सर मोठा, म्हणून धूसरता जास्त’ हे विधान म्हणूनच अर्धे खरे आहे. मोठ्या सेन्सरवर तीच चौकट मिळवायला जास्त नाभीय अंतर लागते; एफ-अंक तोच ठेवला तर छिद्र वाढते आणि धूसरता येते ती त्या छिद्रामुळे. दीडपट लहान सेन्सरवर ५६ मिमी., एफ/१.२ भिंग लावल्यास छिद्र पुन्हा ४७ मिमी.च्या आसपास येते आणि धूसरताही जवळजवळ तीच. फोनच्या टेलिफोटोमागचा सेन्सर बहुधा मुख्य सेन्सरपेक्षा लहान असतो. नाभीय अंतर म्हणावे तितके वाढत नाही, म्हणून छिद्रही वाढत नाही.

टेलिफोटोचा खरा लाभ तपशिलात आहे. तिप्पट कातरल्यावर चित्राचा नववा हिस्साच उरतो: १ कोटी २० लाख पिक्सेलांपैकी सुमारे १३ लाख. पापण्या आणि साडीच्या काठाची वीण तिथे विरघळते. मूळ सेन्सर ४ कोटी ८० लाखांचा असल्यास सुमारे ५३ लाख उरतात. पण अशा सेन्सरवर शेजारच्या चार पिक्सेलांवर बहुधा एकाच रंगाची गाळणी असते, त्यामुळे रंगाचा तपशील त्या मानाने कमी मिळतो.

अंधारात हा लाभ घटतो. त्याच अंतरावरून चेहऱ्याचा किती प्रकाश आत येतो हेही छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरते आणि वरच्या उदाहरणात मुख्य भिंग सुमारे एक-तृतीयांश जास्त प्रकाश घेते. म्हणून कमी उजेडात, किंवा विषय टेलिफोटोच्या किमान अंतराच्या आत आल्यास, अनेक फोन पडद्यावर ‘३x’ दाखवत असतानाच मुख्य कॅमेऱ्याचे चित्र कातरून देतात. हे ओळखण्यासाठी टेलिफोटो भिंगावर बोट ठेवावे: पडद्यावरचे दृश्य झाकले गेले नाही, तर चित्र कातरलेले आहे. फोटोच्या तपशिलात नोंदलेले प्रत्यक्ष नाभीय अंतर पाहूनही ते कळते. वरच्या फोनमध्ये तिथे ९ ऐवजी ६ मिमी. दिसेल.