जेवण उलटून येतं, पण आंबट लागत नाही

म्हातारपणी जेवण उलटून यायला लागलं की घरात पहिला संशय ॲसिडिटीवर जातो. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण एक प्रश्न आधी विचारावा: तोंडात आलेलं अन्न आंबट किंवा कडू लागतं का? पोटातून वर आलेल्या अन्नाला आम्लाची चव असते, कधी पित्ताचीही, आणि ते अर्धवट पचून लगदा झालेलं असतं. याउलट सकाळच्या भाकरीचा तुकडा दुपारी जसाच्या तसा, चव न बदलता तोंडात आला, तर तो पोटापर्यंत पोचलाच नव्हता. वाटेतच कुठेतरी थांबला होता. साठीच्या पुढच्या माणसात ही थांबायची जागा बऱ्याचदा घशाच्या मागच्या भिंतीला तयार झालेली एक पिशवी असते. तिला झेंकर डायव्हर्टिक्युलम म्हणतात. फ्रीडरिख झेंकर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने 1877 मध्ये अशा रुग्णांच्या नोंदी एकत्र मांडल्या, म्हणून हे नाव. तिचं पहिलं वर्णन मात्र त्याच्या शंभरेक वर्षं आधी, 1769 मध्ये, लडलो या इंग्रज सर्जनने केलं होतं.

निपाणीकडच्या एका बहात्तर वर्षांच्या शेतकरी आजोबांचं उदाहरण घेऊ. माणूस कल्पित आहे, पण तक्रारी अगदी नेहमीच्या. दोन वर्षांपासून भाकरी घशात अडकल्यासारखी वाटते. चहा पिताना मानेत गुडगुड वाजते, शेजारी बसलेल्यालाही ऐकू येते. रात्री आठला आमटी-भात जेवून झोपतात, पहाटे ठसक्याने जाग येते आणि उशीवर डाळ-भाताचे दाणे पडलेले असतात. तोंडाचा वास इतका की नातवंडं जवळ बसत नाहीत. दात साफ करून झाले, तंबाखू सुटली, ॲसिडिटीच्या गोळ्या कित्येक महिने खाऊन झाल्या. फरक शून्य. पडायचाही नाही, कारण गोळी आम्ल कमी करते आणि इथे आम्लाचा संबंधच नाही. वास येतो तो पिशवीत सडत पडलेल्या अन्नाचा, दात घासून तो जाणार कसा?

ही पिशवी मुळात होते कशी, ते समजलं की उपचारही समजतात. घसा संपून अन्ननलिका सुरू होते तिथे एक आडवा गोल स्नायू असतो, क्रायकोफॅरिंजियस. एरवी तो घट्ट मिटलेला असतो आणि घास गिळताना क्षणभर सैल पडतो. वयानुसार तो ताठर होतो आणि पुरेसा उघडत नाही. वरचे स्नायू मात्र घास पूर्ण जोराने खाली ढकलत राहतात. या स्नायूच्या लगेच वर, घशाच्या मागच्या बाजूला, भिंतीत एक त्रिकोणी जागा निसर्गतःच पातळ असते. वर्षानुवर्षं दाब पडून आतलं अस्तर त्या फटीतून मागे फुगतं, टायर झिजलेल्या जागी ट्यूबचा फुगा बाहेर यावा तसं. या पिशवीभोवती स्नायूंचं आवरण नसल्यामुळे ती आकसून स्वतःला रिकामी करू शकत नाही. मोठी होताना ती खाली लोंबते, बहुधा मानेच्या डाव्या बाजूला झुकते आणि अन्ननलिकेला पुढे दाबते. मग घशातून उतरणारी सरळ वाट पिशवीत जाते, अन्ननलिकेचं तोंड बाजूला पडतं.

म्हणूनच जेवणानंतर दोन-तीन तास बसून मग झोपण्याचा सल्ला इथे तोकडा पडतो. पोट तेवढ्या वेळात बरंच रिकामं होतं, पिशवी होत नाही. आडवं झालं की त्यातलं अन्न घशात परत येतं आणि श्वासनलिकेत उतरू शकतं. म्हाताऱ्या माणसाला वारंवार न्यूमोनिया होत असेल आणि कारण सापडत नसेल, तर रात्रीच्या ठसक्याची चौकशी जरूर करावी. गोळ्यांचंही तसंच. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी पिशवीत पडून राहते, उशिरा उतरते किंवा बाहेर पडते. डोस वाढवत गेलं तरी आकडे वर-खाली का होतात, हे कोडं मग सुटत नाही.

तपासणी सोपी आहे: बेरियमचा एक्स-रे. पांढरं, खडूसारखं द्रव गिळायला देतात आणि गिळतानाच समोरून व बाजूने चित्रं घेतात. बाजूचं चित्र सगळ्यात महत्त्वाचं. घोट उतरून गेल्यावरही मणक्यांच्या पुढे बेरियमने भरलेली पिशवी तशीच दिसत राहते. मानेच्या सोनोग्राफीत हीच पिशवी कधी थायरॉइडची गाठ म्हणून नोंदली जाते. तेव्हा पाण्याचा घोट घेताना पुन्हा पाहिलं, तर आत हवा आणि पाणी हलताना दिसतं.

दुर्बीण लगेच टाकून घेण्याची घाई मात्र करू नये. पिशवीचा संशय असेल तर आधी बेरियम. दुर्बीण किंवा नाकातून घालायची नळी सरळ वाटेने जाते, म्हणजे पिशवीत; तिथली भिंत पातळ, आणि जोर लागला तर फाटते. आजोबांचं मोतीबिंदूपासून हर्नियापर्यंत कोणतंही ऑपरेशन ठरलं तरी डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना ही गोष्ट आधी सांगायलाच हवी. रात्रभर उपाशी राहूनही पिशवीत अन्न असू शकतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. ‘उलटी होते’ एवढंच सांगून भागत नाही. मळमळ न होता, काही तासांनी, न पचलेलं अन्न तोंडात येतं, असं नीट सांगावं.

छोटी, त्रास न देणारी पिशवी नुसती लक्षात ठेवली तरी चालते. त्रास असेल तर औषधाने ती जात नाही. उपचारात खरा गुन्हेगार तो ताठर स्नायू. तो न कापता नुसती पिशवी काढली तर दाब तसाच राहतो आणि पिशवी पुन्हा होऊ शकते. अन्ननलिका आणि पिशवी यांच्यामध्ये जो पडदा असतो, त्यातच हा स्नायू असतो. तोंडातून उपकरण घालून हा पडदा कापला की दोन्ही पोकळ्या एक होतात आणि अन्न सरळ खाली उतरतं. कापतानाच कडांना टाके घालणाऱ्या स्टेपलरने हे करताना पूर्ण भूल लागते, मान मागे वळावी लागते आणि तोंड पुरेसं उघडावं लागतं. मानेचे मणके आखडलेल्या माणसात ते जमत नाही. तिथे लवचीक दुर्बिणीतून पडदा कापतात. फार छोट्या पिशवीत स्टेपलर नीट बसत नाही. मानेवर छेद घेऊनही ऑपरेशन होतं. त्यात पिशवी पुन्हा होण्याची शक्यता कमी, पण आवाजाच्या नसेला धोका थोडा जास्त आणि इस्पितळातला मुक्काम मोठा. तोंडातून केलेलं काम काही जणांत काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं. वय सत्तरीपुढे असेल तर बहुतेक डॉक्टर तरीही तोंडातूनच करणं पसंत करतात, आणि ते योग्यच वाटतं.

कापल्यानंतर ताप, छातीत किंवा पाठीत दुखणं, किंवा मानेची कातडी दाबली की कुरकुर वाजणं, यातलं काहीही झालं तर तातडीने इस्पितळ गाठावं. भिंतीला भोक पडून हवा बाहेर येत असल्याची ती खूण असू शकते.

ऑपरेशन होईपर्यंत भाकरी आमटीत चांगली कुस्करून, छोटे घास घेऊन खावी. भाजके शेंगदाणे, चिवडा, साली असलेली कडधान्यं टाळावीत. जेवणानंतर पाण्याचे दोन-चार घोट घेतले की काही जणांत पिशवी थोडी धुतली जाते. आणि निपाणीकडच्या या तंबाखूच्या पट्ट्यात एक फरक विसरू नये: गिळायचा त्रास वर्षानुवर्षं नव्हे तर काही आठवड्यांतच वाढत गेला, आधी भाकरी आणि मग भातही अडकू लागला, वजन झपाट्याने उतरलं किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर पिशवीचा विचार बाजूला ठेवून आधी कर्करोग नाही याची खात्री करून घ्यावी.